विषाला मैत्रीचा सूर

सूचनापत्रक इंग्रजीत होतं आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारलेली होती: मजकुराचा सूर मैत्रीचा असावा.

मला राग आला. सूर कसा असावा हे मला कोणी सांगितलेलं चालत नाही. त्या काळात तर मुळीच चालत नसे. पालघरच्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका असं दिवसभर चालायचं. उरलेल्या वेळात मी पत्रकं लिहायचे आणि मीच जुळवायचे. बोईसरच्या कारखान्यांचं सांडपाणी नाल्यातून नवापूरच्या खाडीत येत होतं. नवापूर माझं गाव. माझी आई तिथे मासळी विकते. खाडीतल्या माशाला रॉकेलचा वास येऊ लागला तेव्हा आम्ही चारपाच पोरापोरींनी मिळून पत्रकं काढायला सुरुवात केली. 'जागे व्हा!' याखेरीज मला सुरुवात करता येत नव्हती आणि उद्गारचिन्हाशिवाय शेवट करता येत नव्हता. आमच्या छापखान्यात उद्गारचिन्हांचे खिळे कायम कमी पडायचे, त्याचं कारण मी.

तर पश्चिम जर्मनीतल्या एका छपाई शिकवणाऱ्या शाळेत मला एका वर्षासाठी जागा मिळाली होती. खर्च एक संस्था करणार होती. भाषा तिथे गेल्यावर शिकवणार होते. पण जाण्याआधी एक काम करायचं होतं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून देणारं एक पान जर्मनमध्ये पाठवायचं. ते पान तिथल्या जेवणघरातल्या फळ्यावर लागणार. आधीपासून राहणारी मुलंमुली ती पानं वाचणार आणि आपल्या खोलीत कोणाला घ्यायचं ते ठरवणार. ज्यांना कोणी निवडणार नाही, त्यांची सोय गावातल्या एखाद्या घरमालकिणीकडे.

म्हणजे स्वयंवरच की हो. आणि वरमाला त्यांच्या हातात.

मी संतापले, पण मला ती खोली हवी होती. भाषा येत नसताना वर्षभर परक्या म्हातारीसमोर मान डोलवत सूप पिण्याची माझी तयारी नव्हती. मला माझ्या वयाची कोणीतरी हवी होती, जिच्याशी भांडता येईल.

मी एका बैठकीत मजकूर लिहून काढला. 'जाहीर परिचय! बंधू आणि भगिनींनो! शोषित किनारपट्टीची एक कन्या आपणासमोर उभी आहे! एका निर्लज्ज कारखान्याने आमच्या खाडीत विष कालवले आहे! आम्ही गप्प बसणार नाही! आपण सर्व एकत्र शिकू, एकत्र लढू!'

छापखान्याच्या मालकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. मोर्चा किती वाजता निघणार?"

"हा परिचय आहे."

"असं होय. मग तुझं नाव कुठाय यात?"

नाव राहूनच गेलं होतं. वय, घरची माणसं, आवडीनिवडी, सगळंच राहिलं होतं.

पण खरी अडचण वेगळी होती. जर्मनमध्ये लिहून देणार कोण? मुंबईला जाऊन पैसे मोजून करून घेता आलं असतं, पण मैत्रीच्या सुरासाठी मुंबईत कोणाला ओळखतो आपण? आसपास जर्मन येणारा माणूस एकच होता, असं चौकशीअंती कळलं. तो तिकडे काही वर्षं नोकरी करून आलेला होता आणि आता बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मोठा साहेब होता. त्याच कारखान्यात, ज्याला मी 'निर्लज्ज' म्हटलं होतं. त्याच साहेबाला मी मागच्याच पत्रकात 'बहिरे व्यवस्थापन' ही पदवी दिली होती, ठळक टायपात.

आईला हे सांगितलं. ती टोपलीतले बोंबील निवडत होती.

"मंग जा की त्याच्याकडं," ती म्हणाली.

"त्याच्याकडं? आये, मी त्याच्या विरोधात लिहितेय!"

"तू लिवतंस ते त्याला ठावं हाय. तुला जर्मन येत नाय ते पन कलू दे. आमी त्याच्या कॉलनीत मावरा इकतो. त्याची बायको भाव करते पन पैसं बुडवत नाय. तो तुला खाल काय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व घेऊन झोप मंग त्या म्हातारीच्या घरात," आई म्हणाली आणि बोंबील पुन्हा निवडू लागली.

एका रविवारी दुपारी मी कॉलनीत त्यांच्या दारावर उभी राहिले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काकू मला ओळखत होत्या, म्हणजे आईला ओळखत होत्या, आणि माझं नाक आईसारखं आहे. साहेब बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी काम सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पत्रकवाल्या बाई तुम्हीच ना?"

"हो."

"'दूषित' शब्दातला दू दीर्घ असतो. तुम्ही ऱ्हस्व छापलाय."

"ऐकू येतं तर साहेबांना!" मी म्हटलं. "बाकीचा मजकूर पटला ना?"

आत काकूंच्या हातातून काहीतरी पडलं. साहेब मात्र हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी कागद मागितला, माझा जाहीर परिचय शेवटपर्यंत वाचला आणि बनियनवर सदरा चढवून आले. त्यांनी हे काम मनावर घेतलंय हे मला त्यावरून कळलं.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "बंधू आणि भगिनी नकोत. तिकडे त्याचा अर्थ खरोखरचे भाऊबहीण किंवा चर्चमधली माणसं. तुमच्या वयाची मुलं एकमेकांना म्हणतात, 'हालो त्सुझामेन'. म्हणजे, काय मंडळी!"

"'काय मंडळी' हे फार सैल वाटतं."

"मैत्री सैलच असते. दुसरी गोष्ट. हे 'आपणासमोर', 'आपण', 'तुम्ही' असं जे लिहिलंय, ते मला एकाच शब्दात बसवता येणार नाही. मराठीत समोर दहा माणसं असली की 'तुम्ही' म्हणून मोकळं होता येतं. मित्र असोत की मामलेदार. जर्मनमध्ये ठरवावं लागतं. मित्रांचा घोळका असेल तर 'ईर'. मामलेदारांचा घोळका असेल तर 'झी'."

"मग मानाचं लिहा. ओळख नाही, पाळख नाही."

"मानाचं लिहिलं तर ते तुम्हाला शाळेची तपासणी करायला आलेल्या बाई समजतील. एकाही मुलीला खोलीत तपासणीच्या बाई नको असतात."

यावर आम्ही बराच वेळ भांडलो. माझं म्हणणं असं की अनोळखी माणसाला अरेतुरे करणं हा मुजोरपणा. कारखान्यातले साहेबलोक कामगारांना करतात तसला. त्यांचं म्हणणं असं की तिथे मुलांमध्ये मान देणं हाच मुजोरपणा, कारण मान दिला की माणूस लांब ठेवला जातो. शेवटी 'ईर' ठरलं. मी जाहीर निषेध नोंदवला.

मग 'आम्ही' आणि 'आपण'चा घोळ निघाला. 'आम्ही गप्प बसणार नाही' यात ती मुलं येत नाहीत. 'आपण एकत्र शिकू' यात येतात. मराठीत हे पोराटोरांनाही कळतं. मी विचारलं, "या दोन्हींना काय म्हणतात?"

"वीर."

"काय?"

"आम्ही म्हणजे वीर. आपण म्हणजेसुद्धा वीर. एकच शब्द आहे."

मला ही भाषा त्या क्षणी आवडली. पण शंका राहिली. "मग कुठल्या वाक्यात ते आहेत आणि कुठल्या वाक्यात नाहीत, हे त्यांना कळणार कसं?"

"संदर्भावरून. नाहीच कळलं तर त्यांना वाटेल की ते सगळ्याच वाक्यांत आहेत."

"चालेल," मी म्हटलं. "पत्रकाला हेच तर पाहिजे असतं."

त्या दुपारी साहेब पहिल्यांदा हसले.

पुढच्या रविवारी मजकुरातून शोषित कन्या गेली. त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर काय करता, काय खाता, काय आवडत नाही? मी म्हटलं, हे असलं कोणाला वाचायचंय? ते म्हणाले, जिला तुमच्याबरोबर एका खोलीत झोपायचंय तिला. मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मी बावीस वर्षांची आहे. आई मासळी विकते. मी खिळे जुळवते, त्यामुळे मला उलटी अक्षरं सुलट्यांइतक्याच वेगाने वाचता येतात. मला सुका बोंबील आवडतो, पण वासाची तक्रार असेल तर आणणार नाही. मी झोपेत बोलते. भाषण करते, असं आई म्हणते.

"हे झोपेचं काढा," मी म्हटलं.

"हेच तर ठेवायचंय. हे वाचून माणूस हसतो."

एका ठिकाणी ते वाक्य तोडून पुन्हा मांडू लागले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर उभं राहतं. पण 'वाइल' आलं, म्हणजे 'कारण' आलं, की ते आपल्यासारखं निमूट शेवटी जाऊन बसतं. 'मी येते, कारण मला छपाई शिकायची आहे.' यातलं 'आहे' शेवटी. मराठी माणसाला हे सोपं जातं. इंग्रजी शिकलेल्याला जड जातं." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. बहिऱ्या व्यवस्थापनाचा चेहरा उजळलेला मला अजिबात आवडला नाही. शत्रू कसा ओळखू येईल असा असावा.

शेवटी खाली काय लिहायचं यावरूनही खटका उडाला. मी 'आपली विश्वासू' लिहिलं होतं. ते म्हणाले, ते बँकेला. इथे 'ऑयरं' आणि पुढे नाव. म्हणजे 'तुमची अमुकतमुक'.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आईचा हात थांबला. "तुमची? कोनाची तुमची? तिकडं पोरगं पन हायत ना?"

"आये, रीत आहे ती."

"कसली रीत! नुसतं नाव घाल. आमी अजून जिवंत हाव."

राहता राहिली खाडी. तिथे मी अडून बसले. निर्लज्ज हा शब्द त्यांनी आधीच काढला होता. पहिल्या ओळखीत माणसं शिव्या ऐकायला येत नाहीत, हे त्यांचं म्हणणं मी दात-ओठ खाऊन मान्य केलं होतं. पण खाडीबद्दलचं वाक्य राहिलंच पाहिजे, आणि त्यात विष हा शब्द राहिलाच पाहिजे, असं मी बजावलं.

"राहील," साहेब म्हणाले. "'आमच्या गावाजवळ एक कारखाना आहे. तो आम्हाला रोज पाण्यातून विष पाठवतो.' इतकंच. विशेषण नको, उद्गारचिन्ह नको. आणि पुढे 'पाण्याला रोज वेगळा रंग असतो' हे तुमचं वाक्य आहे, ते चांगलं आहे. रंगाला 'फार्बं' म्हणतात."

"आणि सूर?"

"सूर मैत्रीचाच. मी सांभाळून लिहितो."

मी सांभाळून लिहितो! कारखान्याचा माणूस! माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. ती वाजली, पण दोन दिवसांनी.

त्यांनी हाताने लिहिलेला कागद मी छापखान्यात आणला आणि इंग्रजी टंकयंत्रावर टाइप करायला बसले. त्यांनी बजावलं होतं की काही स्वरांवर दोन ठिपके असतात, ते यंत्रावर नाहीत, तर नंतर पेनाने द्यायचे, आणि भलत्या ठिकाणी द्यायचे नाहीत. "तुम्ही पत्रकं छापता यातल्या 'छापता'वर ठिपके दिलेत तर 'दाबता' होईल. पत्रकं दाबण्याचं काम आमच्याकडे असतं," असंही म्हणाले होते. हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं होतं. मी हसले नव्हते.

टाइप करताना आणखी एक गोष्ट दिसली. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं. घर, मासा, आई, बोंबील, सगळ्यांना मोठं अक्षर. खिळे जुळवणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच टोचतं. आणि कारखान्याच्या वाक्यात, ओळीच्या शेवटी, मोठ्या G ने सुरू होणारा एक शब्द मला टोचला.

Gift.

गिफ्ट!

कारखाना आम्हाला रोज गिफ्ट पाठवतो!

मी यंत्रापुढून उठले. मालकांना वाटलं बोट अडकलं. मी म्हटलं, "बघा! बघा या माणसाचं सांभाळून लिहिणं! विषाची भेटवस्तू केली त्याने!"

मालकांनी वाचलं. गिफ्ट त्यांनाही गिफ्टच वाटलं. वाढदिवसाच्या कार्डांवर आम्हीच छापायचो तो शब्द. ते म्हणाले, "बाई, तो तिथला पगार खातो. तुला काय वाटलं होतं?"

मी तडक बोईसर गाठलं. घरी काकू होत्या. साहेब कामासाठी बडोद्याला गेले होते, शनिवारी येणार होते. पान शुक्रवारच्या टपालाने निघालं नसतं तर वेळेत पोचलं नसतं. काकू म्हणाल्या, "काही निरोप आहे का?" निरोप होता, पण त्यांच्यापुढे उच्चारण्यासारखा नव्हता.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं. शब्द काढायचा. पण त्या जागी काय घालायचं? विषाचा जर्मन शब्द मला ठाऊक नव्हता. शब्दकोश कोणाकडे नव्हता. मला येणारं एकच नाम त्या वाक्यात बसण्यासारखं होतं. फार्बं. रंग. निदान खरं तरी होतं. कारखाना आम्हाला रोज पाण्यातून रंग पाठवतो. भेटवस्तूपेक्षा बरं. मी Gift खोडून Farbe टाइप केलं, ठिपके दिले, फोटो चिकटवला आणि पान पोस्टात टाकलं. 'तुमची' काढून नुसतं नाव घातलं, आईखातर.

साहेबांना मी काही सांगायला गेले नाही. त्याऐवजी पुढच्या पत्रकात 'गोड बोलून विषाला भेटवस्तू म्हणणारे' असं एक वाक्य घातलं. कोणाला कळलं नाही. एकाने मला थांबवून विचारलं, "दिवाळीचं काय वाटप झालं का कंपनीत?"

उत्तर आलं. निळा एरोग्राम, वर माझं नाव नीट अक्षरांत. आत मजकूर जर्मनमध्ये, खाली एक चित्र. नाला. निळा, मग लाल, मग पिवळा, आणि काठावर एक बाई टोपली घेऊन उभी. बाई हसत होती. नाल्यात मासेसुद्धा हसत होते.

मासे कशाला हसतायत ते मला कळेना. वाचून घेण्यासाठी मात्र जागा एकच होती. मी अभिमान गिळला आणि कॉलनीत गेले.

साहेब व्हरांड्यात होते. "या, गोड बोलणाऱ्यांवर लिहिणाऱ्या बाई," ते म्हणाले. पत्रक त्यांना पोचलं होतं. एरोग्राम हातात घेऊन त्यांनी मोठ्याने मराठीत वाचायला सुरुवात केली.

"'लाडके' अशी सुरुवात आहे. 'फळ्यावरची सगळी पानं मी वाचली. तुझं वाचून हसले. मी तुला निवडलंय. मीसुद्धा झोपेत बोलते, म्हणजे आपल्या दोघींचं संभाषण होईल.'"

मी व्हरांड्यातच एक उडी मारली. काकू बाहेर आल्या.

"'मी रंगीत छपाई शिकते,'" साहेब पुढे वाचू लागले, "'म्हणून तुझं गाव मला परीकथेतलं वाटतं. असा कारखाना मी कधी ऐकला नव्हता, जो गावाला रोज'" ते थांबले. पुन्हा वाचलं. "'जो गावाला रोज पाण्यातून नवा रंग पाठवतो. किती सुंदर कल्पना! हे कलाकारांनी सुरू केलं का? रोज कुठला रंग ते कोण ठरवतं? मुलांना त्या पाण्यात खेळायला आवडत असेल.'"

साहेबांनी कागद खाली केला.

"मी हे लिहिलं नव्हतं."

"तुम्ही गिफ्ट लिहिलं होतं!" मी तोंड सोडलं. "भेटवस्तू! मी विष म्हटलं आणि तुम्ही गिफ्ट केलंत! म्हणून मी काढलं आणि रंग घातला!"

मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. ते चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "अहो, काय झालं?"

"गिफ्ट म्हणजे विष," ते कसेबसे म्हणाले. "जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष हो! भेटवस्तूला वेगळा शब्द आहे. मी सरळ सरळ विष लिहिलं होतं. आमच्या कंपनीबद्दल, माझ्या अक्षरात! आणि या बाईंनी ते काढून आमची जाहिरात पाठवली!"

काकूही हसायला लागल्या. मी हसले नाही. मला त्या नाल्यातले हसणारे मासे दिसत होते. आणि मला कसं कळणार होतं, मी विचारते, की तिकडच्या माणसांनी विषासाठी इंग्रजांचा वाढदिवसाचा शब्द घेऊन ठेवलाय?

हसणं ओसरल्यावर साहेब गंभीर झाले. "एक सुचवू? आत्ता काही लिहू नका. निवडलंय तिने. खोली मिळाली. तिथे पोचल्यावर, भाषा थोडी आली की, सावकाश समजावून सांगा. तिची परीकथा आता मोडलीत तर तिला वाटेल, ही मुलगी थापाडी, नाहीतर कटकटी. खोलीसाठी दुसरीला निवडायला तिला अजून वेळ आहे."

सल्ला चांगला होता. मला खोली हवी होती, आणि माझ्यावर हसलेली ती मुलगी तर खोलीपेक्षाही हवी होती. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून ठरवायचा प्रयत्न केला. कल्पना करून पाहिली की मी तिच्या शेजारी झोपले आहे आणि तिच्या भिंतीवर तसंच चित्र लावलेलं आहे, टोपलीवाली बाई हसतेय. ती बाई माझी आई होती. आईच्या टोपलीतला मासा लोक परत करत होते, वास येतो म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "लिहा. आत्ताच लिहा."

"काय लिहू?"

या वेळी माझ्याकडे 'जाहीर' काही नव्हतं. मी नुसती सांगत गेले. चूक माझी. शब्द मी बदलला, कारण मला तो इंग्रजी वाटला. पाण्यातून येतं ते विष आहे. रंग कोणी कलाकार ठरवत नाही. त्या दिवशी कारखान्यात जे बनतं त्याचा रंग. मासे हसत नाहीत, मरतात. माझी आई हसते, पण त्या पाण्यावर नाही. तुला अजून मी हवी असेन तर मी येते. नको असेन तर तसं कळव, मी घरमालकिणीकडे राहीन, पण तुला भेटायला येईनच.

साहेब लिहीत होते. मध्ये त्यांनी विचारलं, "'एक कारखाना' लिहू की 'आमच्या गावाजवळचा कारखाना'?"

"तुमचा कारखाना लिहा."

"तिला 'तुमचा' म्हणजे कोणाचा ते कळणार नाही. तिला वाटेल तिचा."

"मग?"

त्यांनी पेन टेकवून थोडा विचार केला. काकू दारात उभ्या होत्या. मग ते एक ओळ लिहून गेले आणि वाचून दाखवली: "'या पत्राचं भाषांतर ज्याने केलं, तो माणूस त्याच कारखान्यात काम करतो.'"

"अहो," काकू म्हणाल्या.

"नाव नाही घातलं," साहेब म्हणाले. "आणि इथे जर्मन कोणाला येतं?"

मी म्हटलं, "साहेब, यामुळे पुढच्या पत्रकात तुम्हाला सूट मिळणार नाही."

"माहितीय. दू दीर्घ घाला म्हणजे झालं."

या वेळी Gift मी स्वतः, माझ्या हाताने, मोठ्या G ने टाइप केलं. वर काही ठिपके नसतात याची दोनदा खात्री केली.

मग वाट पाहणं आलं. व्हिसा झाला, स्वेटर झाला, आईने सुक्या बोंबलाची पुडी कितीतरी वेळा बॅगेत घातली आणि मी तितक्या वेळा काढली. एरोग्राम येईना. मी घरमालकिणीचं सूप डोळ्यांपुढे आणायची सवय करून घेऊ लागले. आई म्हणाली, "खरं लिवलंस ना? मंग कशाला तोंड पाडतंस?" तिचं बोलणं बरोबर होतं, म्हणून मी अजूनच चिडले.

निघायच्या आठवड्यात कार्ड आलं. यावर चित्र नव्हतं. मी ते घेऊन बोईसरला धावले. साहेब जेवत होते. उष्ट्या हाताने कार्डाला शिवायचं नाही म्हणून काकूंनी ते त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"'रडले,'" त्यांनी वाचलं. "'मग स्वतःवर चिडले, मग तुझ्यावर चिडले, आणि मग त्या कारखान्यावर चिडले. तसंच एक चित्र फळ्यावर लावलं होतं, ते काढलं. खोलीत तूच हवीस. बोंबील आण, वासाचं बघू. खिडकीजवळची खाट मी घेतली आहे, कारण मी आधी आले आहे.'"

मी ऐकत होते. आणि शेवटचं वाक्य कानात शिरलं.

"काय म्हणाली? खिडकीजवळची खाट?"

"हो."

"आधी आली म्हणून खिडकी तिची? हा कुठला न्याय? जो आधी येतो तो नाल्याचाही मालक होतो मग! लिहा तिला. खिडकी एक महिना तिची, एक महिना माझी."

साहेब हात धुवायला उठले. "मैत्रीच्या सुरात लिहायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "आता जसं आहे तसं लिहा."